पहिल्यांदाच टॅक्स ऑडिट: पाईप-हार्डवेअरच्या भागीदारी दुकानात सीए काय बघतो आणि ३सीडीमध्ये कुठे चुकतं

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही दोघे भाऊ सांगली जिल्ह्यात पीव्हीसी पाईप, फिटिंग आणि हार्डवेअरची भागीदारी फर्म चालवतो. आतापर्यंत उलाढाल दोन कोटींच्या आत होती, त्यामुळे अंदाजित उत्पन्नाच्या ४४एडी कलमाखाली रिटर्न भरत होतो. ३१ मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षात विक्री २ कोटी ३६ लाखांवर गेली. गिऱ्हाईक शेतकरी आणि प्लंबर, त्यामुळे जमेतली साधारण १९ टक्के रक्कम रोखीत येते. आमच्या सीएंनी सांगितलं की या वर्षी टॅक्स ऑडिट लागणार आणि "३सीडीची माहिती तयार ठेवा". आम्ही टॅलीचा बॅकअप दिला, तर त्यांनी पानभर प्रश्न पाठवले. टेम्पोच्या कर्जावर एनबीएफसीला व्याज भरतो, मामांकडून हंगामात दीड लाख रोख घेतले होते, दोघे महिना ३५,००० पगार घेतो. ऑडिटर नेमकं काय तपासतात? आमच्यासारख्यांच्या कोणत्या चुका होतात?

— दोन भाऊ, सांगली जिल्हा

उत्तर

टॅलीचा बॅकअप दिला की काम संपलं, ही समजूत आधी सोडा. टॅक्स ऑडिटच्या अहवालाला जोडला जाणारा फॉर्म ३सीडी हे तुमचं निवेदन आहे. त्यातली माहिती फर्म देते. ती पुस्तकांशी जुळते का, खरी आणि बरोबर आहे का, यावर सीए अभिप्राय देतात आणि तो अभिप्राय ३सीबी या ऑडिट अहवालात असतो. सीएंनी पाठवलेले पानभर प्रश्न म्हणजे तुमच्या निवेदनातल्या रिकाम्या जागा आहेत. त्या अंदाजाने भरल्या तर नोटीस फर्मच्या नावाने येते.

ऑडिट का लागलं हे थोडक्यात सांगतो. कलम ४४एबीखाली व्यापारासाठी मर्यादा एक कोटीची आहे. जमा आणि खर्च, दोन्हीकडची रोख प्रत्येकी पाच टक्क्यांच्या आत असेल तर हीच मर्यादा दहा कोटी होते, आणि ४४एडीची मर्यादा दोनावरून तीन कोटींवर जाण्यासाठीही जमेतली रोख पाच टक्क्यांतच लागते. तुमची १९ टक्के असल्याने दोन्ही सवलती गेल्या. हे टक्के काढताना फक्त विक्री धरायची नसते, वर्षभरात आलेली प्रत्येक रक्कम धरायची असते. अकाउंट पेयी नसलेला चेकही इथे रोख समजला जातो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला तरी तुमचं हे वर्ष त्याआधी संपलं. त्यामुळे ते १९६१ च्या कायद्यानेच तपासलं जाईल आणि खाली दिलेली कलमं जुन्या कायद्यातली आहेत.

विक्रीचा आकडा

सीए सर्वात आधी तीन आकडे समोर ठेवतात: पुस्तकातली विक्री, जीएसटीच्या ३बी विवरणपत्रांची बेरीज आणि तुमच्या पॅनवर दिसणारं एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडचं तुमच्या व्यवहारांचं वार्षिक विवरण. हे तीन आकडे सहसा एकसारखे येत नाहीत, आणि यायलाच हवेत असंही नाही. फरकाचं कारण मात्र कागदावर हवं.

उदाहरण घेऊ. पुस्तकात विक्री २,३६,००,००० आणि ३बीची बेरीज २,३८,४०,०००. फरक २,४०,००० चा. शोधल्यावर कळतं की त्यातले ७०,००० जुना जनरेटर विकल्याचे आहेत. त्यावर जीएसटी भरला, पण ती व्यापारातली विक्री नाही. ती रक्कम यंत्रसामग्रीच्या ब्लॉकमधून वजा होते आणि ३सीडीतल्या क्लॉज १८ च्या घसाऱ्याच्या तक्त्यात दिसते. उरलेले १,७०,००० मार्चमध्ये परत आलेल्या मालाचे आहेत. त्यांची क्रेडिट नोट पुस्तकात मार्चमध्येच पडली, जीएसटीमध्ये मात्र एप्रिलच्या विवरणपत्रात दाखवली गेली. एवढा तक्ता एका पानावर लिहून सीएंकडे द्या. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पुस्तकातली विक्री ओढूनताणून जीएसटीएवढी करणं. तसं केलं की जनरेटर विक्रीत शिरतो, ग्रॉस प्रॉफिटचं प्रमाण बिघडतं आणि क्लॉज ४० मध्ये मागच्या वर्षाशेजारी ठेवलेलं हे प्रमाण लगेच खटकतं.

माल: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

व्यापारी फर्मचा नफा शेवटी शिल्लक मालावर ठरतो. म्हणून सीए ३१ मार्चची यादी मागतात आणि ती कुणी, कधी, कशी मोजली हे विचारतात. यादीवर दोन्ही भागीदारांच्या सह्या हव्यात. शिवाय दोन नोंदी करून ठेवा: मोजणीच्या वेळी शेवटचं विक्री बिल कोणत्या क्रमांकाचं होतं, आणि शेवटचा खरेदीचा माल कोणत्या बिलाचा आत आला होता. या दोन क्रमांकांवरून ३१ मार्चच्या अलीकडचं आणि पलीकडचं वेगळं करता येतं.

क्लॉज ३५ मध्ये मुख्य वस्तूंचा नगांतला हिशेब द्यायचा असतो. बऱ्याच फर्म "वस्तू अनेक असल्याने शक्य नाही" एवढं लिहून मोकळ्या होतात. खिळे, वॉशर, टेफलॉन टेपच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे. पाईपच्या बाबतीत नाही, कारण टॅलीमध्ये तुमचा प्रत्येक पाईप नगाने चढलेला असतो. चार इंची, सहा मीटरचा पाईप घेऊ. सुरुवातीला १४० नग, वर्षात खरेदी १,८५०, विक्री १,७६०. म्हणजे २३० नग उरायला हवेत. मोजणीत २१२ भरले तर १८ नग तुटीच्या रकान्यात जातात. हाताळल्या गेलेल्या १,९९० नगांवर ही तूट एक टक्क्याच्या आत आहे. उतरवताना तडा जाणं, कापलेल्या तुकड्यांचा उरलेला भाग, अशी कारणं असतील तर ती लिहा. तूट लपवण्यासाठी विक्रीचे नग वाढवू नका, कारण मग नगांची विक्री आणि रुपयांची विक्री यांची सांगड तुटते. तुटून वाया गेलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, हेही याच वेळी बघून टाका.

आता बँकेचं. कॅश क्रेडिट खातं असेल तर मार्चअखेर तुम्ही बँकेला स्टॉक स्टेटमेंट दिलेलं असतं. सीए ते हमखास मागतात आणि पुढे तपासणी झालीच तर आयकर अधिकारीही तेच मागतात. समजा बँकेला ६२ लाखांचा माल दाखवलाय आणि ताळेबंदात ४८ लाख आहेत. चौदा लाखांचा फरक बघून घाबरण्याआधी तो फोडा. बँकेला दर १८ टक्के जीएसटीसह दिले आणि पुस्तकात जीएसटी वगळून, तर ४८ लाखांवर ८,६४,००० इथेच सापडले. ३० मार्चला आलेला, जीएसटीसह ३,६०,००० चा माल बँकेच्या यादीत होता, पण त्याचं बिल पुस्तकात २ एप्रिलला चढलं. ही पुस्तकातली खरी चूक आहे. माल तुमच्या ताब्यात ३० मार्चला आला, तेव्हा खरेदी आणि शिल्लक दोन्हीकडे तो मार्चमध्येच यायला हवा. नफ्यावर परिणाम होत नाही, पण देणी आणि माल दोन्ही कमी दिसतात. उरले १,७६,०००. ते बँकेची मर्यादा टिकावी म्हणून अंदाजाने वाढवलेले असतील तर सीएंना तसं सरळ सांगा. मोजणीची सही केलेली यादी हाताशी असेल तर ताळेबंदातला आकडा टिकतो. यादीच नसेल तर बँकेला तुम्ही स्वतः सही करून दिलेला मोठा आकडा तुमच्याविरुद्ध उभा राहतो. यापुढे बँकेला दर महिन्याला जाणाऱ्या स्टेटमेंटवर "जीएसटीसह" किंवा "जीएसटी वगळून" हे शब्द छापलेले असू द्या.

लहान उत्पादकांची देणी

पाईप-फिटिंगच्या धंद्यात पुरवठादार बहुतेक लहान कारखानदार असतात आणि उधारी दोन-तीन महिन्यांची असते. कलम ४३बी(एच) नेमकं याच उधारीवर आहे. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, लेखी करार नसेल, तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार असेल तर करारातली मुदत, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. ती मुदत उलटली आणि ३१ मार्चला रक्कम देणे राहिली, तर ती खरेदी या वर्षी खर्चात धरता येत नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळते.

एका फिटिंग कारखान्याची तीन बिलं घेऊ, सगळ्या रकमा जीएसटी वगळून, लेखी करार नाही. पहिलं बिल ३,१०,००० चं. माल १४ फेब्रुवारीला आला, मुदत १ मार्चला संपली, पैसे २२ एप्रिलला दिले. ही रक्कम या वर्षी अमान्य. "रिटर्न भरण्याआधी दिले, मग चालतं" हा नियम जीएसटी किंवा बोनससारख्या देण्यांना आहे, या देण्याला नाही, आणि सर्वाधिक फर्म इथेच फसतात. दुसरं बिल १,२०,००० चं. माल २५ मार्चला आला, पैसे ७ एप्रिलला गेले. ३१ मार्चला देणं बाकी होतं, पण १५ दिवस ९ एप्रिलला संपत होते, त्यामुळे हे बिल मान्य. तिसरं बिल सप्टेंबरचं, सत्तर दिवसांनी डिसेंबरमध्ये दिलेलं. उशीर झाला खरा, पण वर्षाच्या आत दिल्याने खरेदी अमान्य होत नाही. त्या उशिरावर कारखानदाराला एमएसएमईडी कायद्याखाली व्याज दिलं किंवा तरतूद केली, तर ते व्याज मात्र कधीच खर्चात मिळत नाही.

क्लॉज २२ आता या सगळ्याचा हिशेब मागतो: अमान्य व्याज, वर्षात अशा उद्योगांना देय झालेली एकूण रक्कम, त्यातली मुदतीत दिलेली, आणि मुदतीत न दिलेली व या वर्षासाठी अमान्य असलेली. सप्टेंबरच्या बिलासारखी रक्कम शेवटच्या रकान्यात टाकू नका. ती अमान्य नाही. मग शेवटच्या दोन रकान्यांची बेरीज एकूण रकमेशी जुळणार नाही. तिथे सीएंकडून टीप लिहून घ्या.

यासाठी पुरवठादारांची उद्यम प्रमाणपत्रं आजच मागवा. त्यावर तीन गोष्टी बघा: उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम, नोंदणीची तारीख, आणि काम उत्पादनाचं, सेवेचं की व्यापाराचं. मध्यम उद्योगाला हा नियम नाही. तुमच्यासारख्याच घाऊक व्यापाऱ्याची नोंदणी "व्यापार" म्हणून असेल तर त्यालाही हा नियम लागत नाही, कारण व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी दिलेली आहे. प्रमाणपत्र न बघता सगळीच देणी अमान्य दाखवणारे आणि फुकट कर भरणारे व्यापारीही कमी नाहीत.

रोख

सीए कॅश बुक रोजच्या शिल्लकेवरून वाचतात. एखाद्या तारखेला शिल्लक उणे दिसली तर त्याचा अर्थ एकच निघतो: आलेली काही रोख लिहिली गेलेली नाही, किंवा तारखा मागेपुढे झाल्या आहेत. बॅकअप देण्याआधी तुम्हीच ही तपासणी करा.

खर्चाच्या बाजूला मर्यादा एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांची आहे. मालवाहतुकीच्या गाडीभाड्यासाठी ती ३५,००० आहे. एकाच पुरवठादाराला एकाच दिवशी साडेनऊ हजारांची तीन व्हाउचर केली, तर ती एकत्र मोजली जातात आणि पूर्ण २८,५०० रुपये अमान्य होतात, फक्त वरचे १८,५०० नाही. मागच्या वर्षीचं उधार बिल या वर्षी असं रोखीत फेडलं तर ती रक्कम या वर्षाच्या उत्पन्नात येते. क्लॉज २१ मध्ये त्यासाठी वेगळी ओळ आहे आणि ती बहुतेकदा कोरी राहते, कारण लक्ष फक्त या वर्षीच्या खर्चावर असतं.

जमेच्या बाजूला दोन लाखांची सीमा आहे. ठेकेदाराने २,३०,००० चं एकच बिल चार दिवसांत थोडे थोडे रोख देऊन फेडलं तरी व्यवहार एक आहे, आणि कलम २६९एसटीचा भंग झाला. हे क्लॉज ३१ मध्ये दाखवावं लागतं. दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. काउंटरवर बसणाऱ्या मुलालाही ही सीमा ठाऊक असायला हवी.

मामांचे दीड लाख हाही क्लॉज ३१ चाच विषय. २०,००० किंवा त्याहून जास्त उसने रोखीत घ्यायला कलम २६९एसएसने मनाई आहे, आणि नातेवाईक म्हणून त्यातून सूट नाही. क्लॉजमध्ये मामांचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम, वर्षातली सर्वाधिक बाकी आणि रक्कम कशी घेतली हे सगळं लिहावं लागेल. मागच्या तारखेची नोंद करून ते भांडवल किंवा विक्री म्हणून दाखवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. साध्या नियमभंगाचं रूपांतर खोट्या पुस्तकांत होतं, आणि सीए त्यावर सही करू शकत नाहीत. कायद्यात वाजवी कारणासाठी दंडमाफीची तरतूद आहे. त्यासाठी मामांचं पुष्टीपत्र, त्यांच्याकडे ही रोख कुठून आली याचा पुरावा (ऊस बिल, बँकेतून काढलेली रक्कम), आणि त्या दिवशी बँकेतून घेणं का जमलं नाही याचा कागद आताच फाइलला लावा. परतफेड मात्र बँकेतूनच करा. रोखीत फेडलीत तर कलम २६९टीचा दुसरा भंग होईल.

टीडीएस: व्याज आणि भागीदार

टीडीएसचा विचार करताना व्यापारी पगार आणि भाड्यापाशी थांबतात. फर्मला मात्र व्याजावरही तो कापावा लागतो. बँकेला दिलेल्या व्याजाला सूट आहे, एनबीएफसीला नाही. हप्ता खात्यातून आपोआप जातो, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही. वर्षाचं व्याज २,४०,००० धरू. १० टक्क्यांनी २४,००० कापून भरायला हवे होते. ते केलं नाही तर व्याजाच्या ३० टक्के, म्हणजे ७२,००० अमान्य, आणि फर्मच्या ३१.२ टक्के दराने २२,४६४ रुपये कर.

यातून बाहेर पडायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींना वेळ लागतो. एक, एनबीएफसीकडून फॉर्म २६ए घ्यायचा. त्यात त्यांचे सीए प्रमाणित करतात की हे व्याज त्यांनी उत्पन्नात धरलं आणि कर भरला. मग खर्च अमान्य होत नाही, फक्त महिना एक टक्का दराने व्याज भरावं लागतं. मोठ्या एनबीएफसींकडे यासाठी ठरलेली पद्धत असते, अर्ज लवकर करा. दोन, रिटर्नच्या मुदतीआधी २४,००० स्वतःच्या खिशातून व्याजासह भरायचे, टीडीएस विवरणपत्र द्यायचं आणि फॉर्म १६ए देऊन ती रक्कम एनबीएफसीकडून परत मागायची. कोणताही मार्ग घ्या, क्लॉज ३४ मध्ये हा व्यवहार दिसलाच पाहिजे. तिथे फक्त टीडीएस कापलेल्या रकमा लिहिण्याची चूक होते. रकाना त्या प्रकारच्या एकूण रकमेचा आहे, कापलेली आणि न कापलेली दोन्ही धरून.

मामांना बारा टक्क्यांनी वर्षाचं १८,००० व्याज दिलं असेल तर १०,००० ची मर्यादा तिथेही ओलांडली. त्यांच्याकडून टीडीएस न कापण्यासाठीचा १५जी किंवा १५एच फॉर्म वेळेत घेतला नसेल तर कापणी लागू होती.

तुमचा दोघांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज यांच्यावर १ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टीखाली १० टक्के टीडीएस आहे. एका भागीदाराची वर्षाची रक्कम २०,००० वर गेली की तो लागू होतो, म्हणजे तुमच्या बाबतीत पहिल्या महिन्यापासूनच. पैसे न काढता भांडवल खात्याला नुसती जमा केली तरी कापणी आहे.

पगार किती मान्य होतो, याचा हिशेब मात्र शांतपणे वाचा, कारण इथे चूक तुमच्या तोट्याची होते. बुक प्रॉफिटच्या पहिल्या सहा लाखांवर ९० टक्के किंवा तीन लाख यांपैकी जास्त असेल ते, आणि वरच्या रकमेवर ६० टक्के. पगार वजा करण्याआधीचा नफा ९,४०,००० धरू. पहिल्या सहा लाखांवर ५,४०,००० आणि उरलेल्या ३,४०,००० वर २,०४,००० मिळून ७,४४,००० मान्य. तुम्ही घेतले ८,४०,०००, म्हणजे ९६,००० अमान्य, असं वरवर दिसतं. पण बुक प्रॉफिट आयकराच्या नियमांनी काढायचा असतो. वरच्या उदाहरणातले फिटिंगचे ३,१०,००० आणि रोखीचे २८,५०० आधी मिळवले की तो १२,७८,५०० होतो. मग मर्यादा ५,४०,००० अधिक ४,०७,१००, एकूण ९,४७,१००, आणि पूर्ण ८,४०,००० मान्य. त्यामुळे क्लॉज २१ मधला भागीदारांचा भाग सगळ्यात शेवटी भरायचा. एक अट आहे: पगाराची रक्कम किंवा सूत्र भागीदारी पत्रात लिहिलेलं हवं. "परस्पर संमतीने ठरेल" एवढंच असेल तर वाद होतो, आणि आज केलेली पुरवणी मागच्या वर्षाला लागू होत नाही.

रिटर्नशी मेळ आणि शेवटची पायरी

३सीडी आणि रिटर्न आयकर खात्याच्या बंगळुरूतल्या सीपीसी या प्रक्रिया केंद्रात शेजारी ठेवून तपासले जातात. अहवालात अमान्य लिहिलेला खर्च रिटर्नमध्ये मिळवलेला नसेल तर कलम १४३(१)खाली तो सरळ मिळवण्याचा प्रस्ताव येतो आणि उत्तराला ३० दिवस असतात. उलटही घडतं. मार्चचा देय जीएसटी १,४६,००० होता, २० एप्रिलला भरला, पण क्लॉज २६ भरताना कुणीतरी ३१ मार्चचीच खतावणी बघितली आणि "भरलेला नाही" या ओळीत तो टाकला. भरलेल्या करावर पुन्हा आयकर. म्हणून सीएंना एप्रिल ते सप्टेंबरची चलनंही द्या, आणि हा जीएसटी नफा-तोटा पत्रकातून गेला का, हेही त्याच क्लॉजमध्ये बरोबर लिहिलंय का ते बघा.

अहवालाची मुदत ३० सप्टेंबर, रिटर्नची ३१ ऑक्टोबर. सीएंनी अहवाल अपलोड केला म्हणजे तो दाखल झाला असं नाही. फर्मच्या लॉगिनमध्ये `Pending Actions` खाली `Worklist` उघडून तो तुम्ही स्वीकारावा लागतो, तोही मुदतीच्या आत. स्वीकारण्याआधी क्लॉज ४ मधले जीएसटी क्रमांक, क्लॉज ९ मधलं भागीदारांच्या नफावाटपाचं प्रमाण आणि क्लॉज ११ मधला पुस्तकं ठेवण्याचा पत्ता स्वतः वाचा. दुकान, गोदाम आणि अकाउंटंटचं घर यांची गल्लत तिथेच होते. नंतर दुरुस्तीला वाव कमी असतो. अहवाल दिल्यानंतर एखादी रक्कम भरल्यामुळे कलम ४० किंवा ४३बीची अमान्यता बदलत असेल तर सुधारित अहवाल देता येतो, म्हणजे सप्टेंबरनंतर आणि ३१ ऑक्टोबरच्या आत एनबीएफसीच्या व्याजाचा टीडीएस भरलात तर ती पावती त्याच दिवशी सीएंना पाठवा.